‘थम, कौन आता है?’ – पहारेकऱ्याचा सवाल यंत्राकडे गेला तेव्हा

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत एखाद्या गल्लीत रिटायर सुभेदार किंवा हवालदार नाही असं सहसा होत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सरहद्दीवर रात्री ड्रोन उडत होते तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही पहाटेपर्यंत चालू असायचे, कारण कुणाचा ना कुणाचा मुलगा तिकडे होता. त्याच दिवसांत स्वतःच लक्ष्य शोधून मारणाऱ्या शस्त्रांची चर्चा इथं घराघरांत पोचली. कोणाला मारायचं हे यंत्रानं ठरवावं का, हा प्रश्न माझे मामा आपल्या पद्धतीनं मांडतात. ते मराठा पलटणीतले रिटायर हवालदार.

त्यांची गोष्ट पूंछकडच्या एका धुक्याच्या रात्रीची. पहाऱ्यावर असताना समोरून कोणीतरी येताना जाणवलं. “थम, कौन आता है?” उत्तर नाही. पुन्हा आवाज दिला, तरी उत्तर नाही. नियमाप्रमाणे पुढची पायरी गोळीची होती. “पण काठी दगडावर आपटत येत होता गा तो,” मामा सांगतात. “घुसायला आलेला माणूस काठी आपटत येईल काय?” त्यांनी आणखी चार पावलं येऊ दिली. शेळ्या शोधत निघालेला तो बहिरा म्हातारा होता.

यंत्रांनाही हा ‘कौन आता है’ फार पूर्वी शिकवलेला आहे. लढाऊ विमानांत आपला की परका हे ओळखणारी एक पेटी असते. जमिनीवरचा रडार तिला रेडिओवर सांकेतिक सवाल टाकतो आणि ती ठरलेला परवलीचा जबाब देते. जबाब आला तर आपला. जबाब आला नाही तर काय समजायचं, हे मात्र यंत्र बनवणाऱ्यांनी आणि त्याचे नियम लिहिणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. ते चुकीचं ठरवलं तर काय होतं, याचं नीट चौकशी झालेलं उदाहरण २००३ च्या इराक युद्धातलं आहे. स्वयंचलित शस्त्रांच्या चर्चेत मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

२२-२३ मार्च २००३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाचं एक टोर्नेडो विमान इराकवरची कामगिरी संपवून कुवेतमधल्या आपल्या तळाकडे परतत होतं. उतरायचं असल्यामुळे ते वेगानं खाली येत होतं. त्या वाटेवर अमेरिकन सैन्याची, येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची एक बॅटरी, म्हणजे रडार आणि लाँचर असलेली तुकडी, होती. पॅट्रियटच्या संगणकानं विमानाचा वेग, उंची आणि दिशा जुळवून पाहिली आणि पडद्यावर खूण दाखवली की रडारवर चाल करून येणारं शत्रूचं क्षेपणास्त्र हेच आहे. सवाल टाकला गेला, पण जबाब आला नाही. ठरवायला बॅटरीतल्या जवानांकडे जेमतेम एक मिनिट होतं. आपल्यावरच हल्ला होतोय असं समजून त्यांनी मारा केला. पायलट आणि नॅव्हिगेटर दोघेही ठार झाले.

ब्रिटिश चौकशीचा अहवाल पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यानुसार रडारवर धावून येणारं क्षेपणास्त्र कसं ओळखायचं याच्या कसोट्या फार ढिल्या होत्या. इराककडे अशी कोणती क्षेपणास्त्रं आहेत हे पाहून त्या ठरवलेल्या नव्हत्या, जगभरातल्या सगळ्या प्रकारांना पुरतील अशा ठेवल्या होत्या. म्हणून तळाकडे उतरणारं आपलंच विमानसुद्धा त्यांत बसलं. ओळखीच्या परवलीचे दोन प्रकार वापरात होते. एकाचे कोड त्या बॅटरीत भरलेलेच नव्हते. दुसऱ्या प्रकाराला विमानाकडून जबाब गेला नाही, आणि त्यातली पेटी वीजपुरवठ्यातल्या बिघाडानं बंद पडली असावी असा निष्कर्ष निघाला. चटकन मारा करायचा आणि यंत्रावर विश्वास ठेवायचा, असंच प्रशिक्षण त्या जवानांना मिळालं होतं.

मारा करायचा निर्णय माणसानं घेतला, हे लक्षात घ्यायला हवं. शेवटी माणूस आहे ना, मग काळजी कशाची, असं आज सरकारं आणि कंपन्या सांगतात. त्या रात्रीही माणूस होता. पण त्याच्याजवळ यंत्रानं दिलेलं उत्तर, एक मिनिट आणि ‘यंत्रावर विश्वास ठेव’ ही शिकवण एवढंच होतं. मामांना काठीचा आवाज ऐकू आला होता. या जवानांना ऐकायला दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या दहा दिवसांत आणखी दोन घटना घडल्या. एका पॅट्रियट रडारनं अमेरिकन एफ-१६ विमानावर रोख धरला, तेव्हा पायलटनं उलट त्या रडारवरच क्षेपणास्त्र सोडलं. सुदैवानं कोणी दगावलं नाही. २ एप्रिलला पडद्यावर एक खोटं क्षेपणास्त्र उमटलं. एका बॅटरीत मारा आपोआप करण्याची व्यवस्था चालू होती, फक्त लाँचर थांबवून ठेवले होते. लाँचर तयार करा, एवढाच हुकूम सुटला. मारा करा असं कोणी म्हटलंच नव्हतं. लाँचर तयार होताच यंत्रानं आपलं काम केलं आणि अमेरिकन नौदलाच्या एका विमानाचा पायलट गेला.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या सल्लागार मंडळानंही यात लक्ष घातलं. पॅट्रियट चालवण्याची पद्धत बहुतांशी स्वयंचलित होती आणि चालवणाऱ्यांना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, असं त्यांनी नमूद केलं. त्या युद्धात मित्रपक्षाच्या विमानांनी सुमारे ४१,००० उड्डाणं केली, तर पॅट्रियटनी तोंड दिलं ती इराकी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं नऊ. आकाशात जवळजवळ सगळे आपलेच असताना ‘जबाब नाही म्हणजे शत्रू’ हा नियम किती धोक्याचा, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

कागदावरचे नियम त्यानंतर आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं निर्देश काढला की बळाच्या वापरावर माणसाला ‘योग्य पातळीचा’ निर्णयाधिकार राहील अशीच शस्त्रं असावीत. योग्य म्हणजे किती, हे त्यात मोकळंच ठेवलं. २०१४ पासून जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली या विषयावर बैठका सुरू झाल्या. २०१७ मध्ये तज्ज्ञ गट बसला तेव्हा अध्यक्षपद भारताच्या राजदूतांकडे होतं. २०१९ मध्ये अकरा मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली, पण ती कोणावर बंधनकारक नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावरचा पहिला ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चार मतं पडली आणि त्यांत एक भारताचं होतं. चर्चेची जागा जिनिव्हा हीच, तिथलं काम चालू असताना दुसरा रस्ता काढू नये आणि बंधनकारक करार इतक्यात नको, ही आपली भूमिका. ज्या जिल्ह्यातून इतकी मुलं फौजेत जातात, तिथं या मतदानावर चर्चा व्हायला हवी होती. ती झालेली मला दिसली नाही.

मला वाटतं, माणसाला मारण्याचा निर्णय यंत्राच्या हाती कधीच जाऊ नये. आणि ‘माणूस हजर होता’ एवढ्यावर करारात समाधान मानू नये. त्या माणसाला किती वेळ मिळणार, यंत्राच्या उत्तराशिवाय त्याला आणखी काय दिसणार, आणि न मारल्याबद्दल त्याला शिक्षा तर होणार नाही ना, हेही लिहून घ्यायला हवं.

टोर्नेडोची हकिगत मी मामांना सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “परवली बदलली की संत्रीला सांगायचं काम कुणाचं होतं?”

याचंही उत्तर अहवालात सापडतं. त्या बॅटरीची स्वतःची दळणवळण यंत्रणा अजून अमेरिकेतून वाटेतच होती. जवळच्या दुसऱ्या बॅटरीमार्फत रेडिओवरून जो संपर्क होई, तेवढ्यावरच ते जवान पहाऱ्यावर उभे होते.