सही कशाची? नर्सिंग इंटर्नशिपच्या लॉग बुकाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या मराठी घरांत ‘इंटर्नशिपचं वर्ष’ म्हटलं जातं, पण 2021 च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात ते वर्ष नाही. ते आठवं सत्र आहे आणि त्यात 22 आठवडे वॉर्डात काम करायचं असतं. केलेल्या कामांची नोंद लॉग बुकात, म्हणजे सही घ्यायच्या वहीत, करायची असते.

या अभ्यासक्रमाआधीच्या प्रोसिजर बुकाचा हिशोब मोजणीचा होता. 20 प्रसूती केल्या, खाली सही, विषय संपला. 1984 मध्ये एका अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या आणि किती वेळा केलं यापेक्षा कसं जमतं हा प्रश्न पुढे आला. आपल्याकडे तो वहीत उतरायला बराच काळ गेला.

खरा गुंता ‘सक्षम’ या शब्दाचा आहे. सही म्हणजे काम केल्याची नोंद, की आता एकटीने करता येईल याची ग्वाही? बऱ्याच वह्यांत दोन्हींसाठी एकच रकाना असतो.

समजा, पुरुष वॉर्डात प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना लघवीची नळी घालायची आहे. विद्यार्थिनीला 14 नंबरची नळी आत जाताना अडथळा लागतो. ती जोर लावत नाही, थांबते आणि वॉर्डच्या सिस्टरना बोलावते. तिचं वागणं अगदी बरोबर होतं, पण वहीत त्याला जागाच नाही. तिथे ‘पाहिलं’, ‘मदत केली’, ‘केलं’ एवढेच पर्याय. पुढच्या रुग्णाच्या वेळी लघवी दिसल्यावरही ती नळी तिला दोन फाटे फुटतात त्या वाय-जोडापर्यंत सरकवते आणि मगच 10 मिली निर्जंतुक पाण्याने नळी आत धरून ठेवणारा फुगा भरते. वहीत चढतो तो फक्त हा दुसरा प्रयत्न.

माझं मत स्पष्ट आहे: न जमलेला प्रयत्नही लिहायला हवा. प्रत्येक कौशल्याला एक पान द्यावं आणि प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ, त्यात तारीख, वॉर्ड, पातळी आणि काय घडलं. सक्षमतेची सही पानाच्या तळाशी वेगळी असावी, तीही तपासणी-यादी हातात धरून प्रत्यक्ष पाहिल्यावर केलेली. पोर्टफोलिओत ओळ क्रमांक देऊन त्या अडथळ्यावर अर्धं पान लिहावं: कुठे थांबले, का थांबले. रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक त्यात नको.

यावर ट्यूटर मंडळींचा आक्षेप असा की अपयश लिहायला लावलं तर मुली लपवतील. आक्षेप पोकळ नाही. पण लपवणं आजही चालतंच. महिनाअखेरीस एकाच पेनाने, एका बैठकीत पंधरा ओळी भरल्या जातात आणि वॉर्डातल्या गर्दीत सिस्टर न पाहता सही करतात. ड्यूटी रोस्टर शेजारी ठेवलं की लगेच कळतं: मुलगी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर होती, आणि वहीत तीन नळ्या घातल्याची नोंद.