बीक्यूपी (जटिलता वर्ग)

‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर असलेले जे प्रश्न क्वांटम संगणक बहुपदी वेळेत सोडवू शकतो आणि ज्यांत कोणत्याही आदानावर चुकण्याची शक्यता १/३ पेक्षा जास्त नसते, त्यांचा वर्ग म्हणजे बीक्यूपी. पूर्ण नाव ‘बाउंडेड-एरर क्वांटम पॉलिनॉमियल टाइम’. ईथन बर्नस्टाइन आणि उमेश वझिरानी यांनी १९९३ मध्ये तो मांडला. बहुपदी वेळ म्हणजे आदान n अंकी असेल, तर पायऱ्या n² किंवा n³ अशा एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहणे. 2ⁿ ची वाढ त्यात बसत नाही.

१/३ या आकड्यात विशेष काही नाही. तीच आकडेमोड तीनदा करून बहुमत घेतले की चुकण्याची शक्यता जास्तीत जास्त ७/२७, म्हणजे सुमारे २६ टक्के उरते. आणखी वेळा केली की ती झपाट्याने घटते.

या वर्गातला सर्वांत गाजलेला प्रश्न अवयव पाडण्याचा आहे: ‘N या संख्येला १ पेक्षा मोठा, पण k पेक्षा लहान विभाजक आहे का?’ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये त्यावर क्वांटम रीत दिली. १५ घेऊन ती पाहू. ७ चे घात १५ ने भागत गेलो तर बाक्या ७, ४, १३, १ अशा येतात आणि पुन्हा ७ पासून सुरू होतात. आवर्तन ४ चे झाले. त्याच्या निम्म्या घाताची, म्हणजे ७² ची बाकी ४. तिच्या अलीकडचे ३ आणि पलीकडचे ५ घेऊन १५ शी मसावि काढला की अवयव मिळतात. आवर्तन विषम निघाले तर ७ ऐवजी दुसरी संख्या घ्यावी लागते. शेकडो अंकी संख्येत हे आवर्तनच अवाढव्य असते, आणि क्वांटम संगणकाचे खरे काम तेवढेच: ते शोधणे. तो सगळी उत्तरे एकदम तपासून योग्य ते उचलतो, ही समजूत चुकीची आहे. मापनात एकच निकाल हाती येतो. चुकीच्या निकालांचे आयाम, म्हणजे त्यांची शक्यता ठरवणाऱ्या धन-ऋण किंवा संमिश्र संख्या, एकमेकांना खोडतील अशी रचना आधी साधावी लागते, आणि ती प्रत्येक प्रश्नात सापडत नाही.

पारंपरिक वर्गांशी नाते असे सिद्ध झाले आहे, यात ⊆ म्हणजे डावीकडचा वर्ग उजवीकडच्यात सामावलेला:

P ⊆ BPP ⊆ BQP ⊆ PSPACE

पी म्हणजे साधा संगणक बहुपदी वेळेत अचूक सोडवतो त्या प्रश्नांचा वर्ग, बीपीपी म्हणजे नाणेफेक वापरणाऱ्या साध्या संगणकाचा तसाच वर्ग आणि पीस्पेस म्हणजे वेळ कितीही लागला तरी बहुपदी स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांचा. एनपी, म्हणजे ‘हो’ या उत्तराचा पुरावा दिला तर तो साध्या संगणकाला बहुपदी वेळेत तपासता येतो अशा प्रश्नांचा वर्ग, याबद्दल मात्र जपून बोलावे. बीक्यूपी त्यात मावतो की नाही, किंवा तो बीक्यूपीत मावतो की नाही, यांपैकी काहीच सिद्ध झालेले नाही. अवयव पाडणे एनपीत आहे, पण ते एनपी-पूर्ण, म्हणजे एनपीतल्या सर्वांत कठीण प्रश्नांपैकी, आहे असे मानले जात नाही. म्हणून शोर यांची रीत एनपीतले सगळे प्रश्न सोडवत नाही. ती बीक्यूपी पीपेक्षा मोठा असल्याचेही सिद्ध करत नाही, कारण उद्या अवयव पाडण्याची जलद पारंपरिक रीत सापडू शकते.

पीस्पेसमधला समावेश समजायला सोपा आहे. n क्युबिटांचे, म्हणजे क्वांटम बिटांचे, 2ⁿ आयाम साठवायला स्मृती पुरत नाही, पण निकालाकडे नेणारा एकेक मार्ग मोजून, बेरजेत मिळवून पुसून टाकता येतो. वेळ घातांकी लागतो, जागा बहुपदीच. म्हणूनच पी आणि बीक्यूपी वेगळे असल्याचे कोणी सिद्ध केले, तर पी आणि पीस्पेस वेगळे असल्याचेही आपोआप सिद्ध होईल, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.