“याला काय झालंय?” एवढंच लिहून फोटो पाठवलात तर आमचं मॉडेल काय उत्तर देतं आणि का

झाडांचे फोटो बघून आमचं AI मॉडेल उत्तर देतं, त्या आमच्या फोटो-सेवेवर येणारे बहुतेक मेसेज एका ओळीचे असतात. एक फोटो, आणि खाली “हे बघा ना”, “ठीक आहे का?”, नाहीतर नुसतं प्रश्नचिन्ह. त्यात काही चूक नाही, घरी लावलेल्या झाडाचं पान पिवळं पडलं की माणूस आधी फोटोच काढतो, निबंध लिहायला बसत नाही. पण उत्तर आल्यावर काही जण आम्हाला म्हणतात की तुमचं मॉडेल सरळ रोगाचं नाव का सांगत नाही, दुसऱ्या अॅपने तर एका सेकंदात सांगितलं. म्हणून हे पत्रक.

एक अगदी नेहमीचं उदाहरण घेऊ. कुंडीतला टोमॅटो, फोटो समोरून काढलेला, खालची तीन-चार पानं पिवळी, वरचा शेंडा हिरवा, मधे दोन हिरवी फळं लटकलेली, कुंडीचा तळ फोटोत नाही. मेसेज: “याला काय झालंय?”

मॉडेल आधी दिसतंय ते सांगतं. झाड टोमॅटोचं आहे हे ते बऱ्यापैकी खात्रीने सांगतं, कारण पानाचा आकार आणि फळं दोन्ही फोटोत आहेत. फळं नसती आणि चार पानांचं रोप असतं तर टोमॅटो “वाटतोय” एवढंच म्हटलं असतं. मग पिवळेपणा कुठे आहे ते सांगतं: खालून सुरू झालाय, वरची नवी पानं चांगली आहेत. हे वाचून लोकांना वाटतं की हे तर मलाही दिसतंय, नवीन काय सांगितलं, पण निम्मं उत्तर याच वाक्यात आहे. झाडाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या वाढीकडे आणि फळांकडे पाठवतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह मात्र झाडाला एका पानातून काढून दुसरीकडे फारसं नेता येत नाही, त्यामुळे लोह कमी असेल तर उलटं होतं, नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणजे पिवळेपणा वर आहे की खाली एवढ्यावरूनच काही कारणं मागे पडतात, आणि त्यासाठी तुमचा एक फोटो पुरतो.

त्यानंतर येतात शक्यता, आणि इथे मॉडेल मुद्दाम हात आखडता घेतं. खालची पानं पिवळी पडण्याची तीन साधी कारणं आहेत: पानं जुनी होऊन गळायला आलीत, नत्र कमी पडतंय, किंवा पाणी जास्त होतंय. फोटोत ही तिन्ही जवळजवळ सारखीच दिसतात! पाणी जास्त झालं की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, आणि मग माती ओली असूनही मुळं धड काही उचलत नाहीत, म्हणून ते झाड उपाशी झाडासारखंच दिसतं. या तिघांतलं एक नाव उचलून ठामपणे सांगणं मॉडेलला सहज जमेल, वाक्य छानही होईल, पण ते फोटोत नसलेलं काहीतरी असेल. आणि नत्र म्हणून सांगितलं आणि खरं कारण पाणी निघालं तर तुम्ही बिचाऱ्या आधीच गुदमरलेल्या मुळांवर वरून खत ओतणार.

म्हणून ते एकच प्रश्न विचारतं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागतंय की कोरडं? दहा प्रश्नांचा फॉर्म पाठवत नाही, कारण तो कोणी भरत नाही (आम्हीही भरला नसता). नेमका हाच प्रश्न का, तर याच्या उत्तराने शक्यता सगळ्यात जास्त वेगळ्या होतात. कुंडी किती मोठी, खत कधी घातलं, ऊन किती तास, हे सगळं उपयोगाचं आहेच, पण नंतर.

आणि तोपर्यंत तुम्ही हातावर हात ठेवून बसू नये म्हणून एक पायरी लगेच सांगतं, जी तिन्ही कारणांत चालते: आज सवयीने पाणी घालू नका, आधी माती बघा, कुंडीखालचं भोक बंद झालंय का आणि खालच्या ताटलीत पाणी साचलंय का ते बघा, खत आणि फवारणी दोन्ही सध्या थांबवा.

या उदाहरणात समजा तुमचा रिप्लाय आला की माती चांगलीच ओली आहे आणि ताटलीत पाणी आहे. आता मॉडेल एक पाऊल पुढे जातं: जास्त पाणी हे कारण सगळ्यात पुढे आलं. ताटली रिकामी करा, वरची दोन पेरं माती कोरडी होईपर्यंत पाणी नको. पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून निकाल लावू नका, बघायचं ते हे की आठ-दहा दिवसांत पिवळेपणा वरच्या पानांकडे चढतोय का. थांबला तर अंदाज बरोबर होता असं धरायला हरकत नाही. चढत राहिला, किंवा माती ओली असून झाड दुपारी मान टाकतंय आणि संध्याकाळीही उभं राहत नाहीये, तर मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता आहे आणि मग झाड कुंडीतून हलक्या हाताने काढून मुळं बघावी लागतात. चांगली मुळं पांढरट आणि घट्ट असतात, कुजलेली तपकिरी, मऊ, वासाची. वास फोटोत येत नाही, त्यामुळे ही तपासणी शेवटी तुमच्याच हातात.

रिप्लाय “कोरडी आहे” असा आला असता तर हीच गोष्ट दुसरीकडे गेली असती. आधी नीट पाणी, आणि मग पूर्ण झाडच फिकट दिसतंय का, वाढ अडलीय का, यावरून नत्राचा विचार.

आता “रोग नाही ना?” याचं उत्तर. या फोटोत करप्याची खूण, म्हणजे पानावर तपकिरी डाग आणि त्यात एकात एक वलयं, दिसत नाही असं मॉडेल सांगतं. “करपा नाही” असं सांगत नाही. हा फरक आम्ही हट्टाने ठेवलाय. पानाची मागची बाजू फोटोत नाही, आणि मेसेजमधून येताना फोटो आकसतो, बारीक तपशील जातात. लाल कोळी तर साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो, तो अख्ख्या झाडाच्या फोटोत दिसणं शक्यच नाही, दिसतात ते त्याने रस शोषल्यावर पानावर उठलेले फिकट ठिपके आणि फार झाला की जाळी. ते दिसलं तर मॉडेल सांगतं, दिसलं नाही तर झाड स्वच्छ आहे असा दाखला देत नाही.

रंगाचंही तसंच. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत चांगलं हिरवं पानही आजारी दिसतं, शिवाय फोन स्वतःच रंग भडक करतो. म्हणून रात्रीच्या फोटोवर मॉडेल रंगाबद्दल जपून बोलतं आणि दिवसा, सावलीत काढलेला फोटो मागतं. शेजारी एक पांढरा कागद धरलात तर फारच छान, कागद पिवळा दिसतोय म्हटल्यावर पानाचा पिवळेपणा किती खरा ते कळतं.

दुसऱ्या अॅपबद्दल. ते एका सेकंदात नाव सांगतं, बरोबर, आणि कधीकधी नाव खरंही असतं. पण एक जुना प्रयोग माहीत असलेला बरा. प्लांटव्हिलेज नावाच्या संग्रहातले 54,306 पानांचे फोटो वापरून एक मॉडेल शिकवलं होतं, 2016 मध्ये त्याचा शोधनिबंध आला. त्याच संग्रहातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याने 99.35 टक्के बरोबर उत्तरं दिली. मग वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून घेतलेले फोटो दिले तर आकडा 31.4 टक्क्यांवर आला. संग्रहातले फोटो म्हणजे एक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं. तुमच्या फोटोत कुंडी असते, वाळत घातलेले कपडे असतात, कोणाचा तरी हात असतो, अर्धं पान उन्हात असतं. त्यानंतर मॉडेलं खूप सुधारली हे खरं आहे, आमचंही त्यातलंच आहे, पण शिकवलेल्या फोटोंसारखा फोटो नसला की खात्री घसरते ही अडचण गेलेली नाही. म्हणूनच आम्ही मॉडेलला “90 टक्के खात्री” वगैरे आकडे लिहायला मनाई केलीय. असा आकडा कुठे मोजलेला नसतो, वाक्य जसं जुळतं तसा तोही जुळतो. त्याऐवजी ते “स्पष्ट दिसतंय”, “वाटतंय”, “या फोटोवरून सांगता येत नाही” असे शब्द वापरतं, आणि ते शब्द जसे लिहिलेले असतात तसेच घ्या.

एक गोष्ट तुमच्याकडून हवी. “हा करपाच आहे ना?” असं विचारू नका. अशा मॉडेलांना विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळायची खोड असते, आम्ही ती कमी केलीय पण पूर्ण गेलीय असं म्हणणार नाही. तुम्ही नाव सुचवलंत की ते फोटोत त्या नावाला धरून पुरावा शोधायला लागतं. त्यापेक्षा तुमचं ते “याला काय झालंय?” खरंच बरं. सोबत जमलं तर तीन फोटो: पूर्ण झाड कुंडीसकट, एका खराब पानाची मागची बाजू जवळून, आणि मातीचा.

फवारणीचं प्रमाण मात्र फोटोवरून मिळणार नाही, कितीही विचारलंत तरी. रोग नक्की नसताना औषधाचा डोस सांगणं हा धंदा आम्हाला करायचा नाही, आणि रोग नक्की झाल्यावरही त्या बाटलीच्या लेबलवर लिहिलेलं प्रमाणच खरं.

कधीकधी प्रश्न इतका मोघम असतो की तो झाडाच्या तब्येतीबद्दल आहे की खाण्याबद्दल तेच कळत नाही. वेलाला लागलेल्या दुधीचा फोटो आणि खाली “चालेल ना?” इथे मॉडेल दोन्ही अर्थ धरतं. वेल कसा दिसतोय ते सांगतं, आणि खाण्याबद्दल स्पष्ट लिहितं की फोटोवरून ठरत नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि बाहेरून तो चांगल्या दुधीसारखाच दिसू शकतो. अगदी छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या, त्याचा रस तर नकोच. कडू रस पिऊन झाला असेल आणि उलट्या सुरू असतील तर आम्हाला फोटो पाठवत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा. आपोआप उगवलेलं, ओळख नसलेलं झाड असेल तर फोटोवरून नाव जुळलं तरी खाण्यासाठी ते नाव मॉडेल पुरेसं धरत नाही, तुम्हीही धरू नका.

उत्तर पटलं नाही किंवा आठ-दहा दिवसांनी पिवळेपणा चढलेला दिसला तर त्याच चॅटमध्ये नवा फोटो टाका, जुना शेजारी असला की तुलना करता येते. आणि मॉडेलशी बोलायचंच नसेल तर “माणूस” एवढं लिहून पाठवा, आमच्यापैकी कोणीतरी बघतो, थोडा वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा तोही आधी माती ओली आहे का तेच विचारतो.