सीटी स्कॅनचे ब्राउझरमधील व्हॉल्यूम रेंडरिंग

सीटी स्कॅनच्या एकावर एक रचलेल्या छेदांतून, मधे कुठलाही पृष्ठभाग न बनवता, थेट त्रिमितीय चित्र काढण्याची पद्धत. ब्राउझरमध्ये वेबजीएल २ च्या साहाय्याने सगळे छेद एका त्रिमितीय टेक्स्चरमध्ये भरतात. मग प्रत्येक पिक्सेलसाठी एक किरण त्यात शिरतो आणि ठराविक अंतरावर नमुने घेत पुढे जातो.

नमुन्यात हाती येते ती हाउन्सफील्ड एककातील किंमत: हवेची सुमारे −१०००, पाण्याची ०, टणक हाडाची कित्येक शेपासून हजाराच्या वरपर्यंत. त्या किमतीला रंग आणि अपारदर्शकता देणारा तक्ता म्हणजे ट्रान्सफर फंक्शन. चित्रात काय दिसेल हे तो ठरवतोच, पण किरण कुठे थांबेल हेही त्याच्याच हाती असते.

नमुने डोळ्याच्या बाजूकडून आत असे मिसळले, तर साचलेली अपारदर्शकता १ च्या जवळ पोहोचल्यावर पुढचे काही दिसणारच नसते. तिथेच किरण थांबवतात. मार्क लेव्हॉय यांनी १९९० मध्ये मांडलेली ही युक्ती शेडरमध्ये एका ओळीत, खालच्या शेवटच्या ओळीत, बसते; s म्हणजे ट्रान्सफर फंक्शनने नमुन्याला दिलेला रंग आणि अपारदर्शकता:

```glsl
color += (1.0 - alpha) * s.a * s.rgb;
alpha += (1.0 - alpha) * s.a;
if (alpha > 0.95) break;
```

कवटीचे उदाहरण घेऊ. त्वचा पूर्ण पारदर्शक, हाडाच्या प्रत्येक नमुन्याची अपारदर्शकता ०.१ आणि नमुन्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर. ०.९५ गाठायला हाडातले २९ नमुने, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर लागतात. कवटीचे हाड ७ मिलिमीटर जाड असेल तर १४ नमुन्यांतच ते संपते, सुमारे २३ टक्के पारदर्शकता उरते आणि मागची भिंत पुसटशी दिसते. अपारदर्शकता ०.३ केली की ९ नमुने पुरतात. किरण हाडातच थांबतो.

इथे एक चूक हमखास होते. चित्र नितळ व्हावे म्हणून अंतर निम्मे करतात, पण ०.३ तसेच ठेवतात. हाड तेवढेच असून नमुने दुप्पट होतात, त्यामुळे ते अकारण दाट दिसते. दुरुस्तीचे सूत्र `1 - (1 - a)^(d/d0)` असे आहे. त्यात a ही जुनी अपारदर्शकता, d0 हे जुने अंतर आणि d हे नवे; अंतर निम्मे केल्यास ०.३ च्या जागी सुमारे ०.१६३ येते. नमुन्यांतील अंतर बदलल्यावर चित्राची दाटी बदलली, तर ही दुरुस्ती राहिली आहे असे समजावे.

थांबण्याची मर्यादा ०.९५ वरून फार खाली आणणे मला योग्य वाटत नाही. ०.८ वर थांबल्यास मागचा २० टक्क्यांपर्यंतचा वाटा गळतो, आणि अर्धपारदर्शक भागांत तो डोळ्यांना जाणवतो.

कवटीला न लागता बाजूने जाणाऱ्या किरणांना मात्र या युक्तीचा काहीच उपयोग नाही. हवेत अपारदर्शकता साचत नाही, त्यामुळे ते शेवटपर्यंत चालत राहतात. प्रत्येक पिक्सेलला घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येनुसार रंग दिला, की कवटी गडद आणि भोवतालची हवा उजळ दिसते. तो खर्च वाचवायला डेटाचे ठोकळे पाडून प्रत्येकाची किमान व कमाल किंमत साठवतात आणि त्या दोहोंमधल्या सगळ्या किमती ट्रान्सफर फंक्शनमध्ये पारदर्शक असतील, तर तो ठोकळा ओलांडून जातात. फंक्शन बदलले की ही तपासणी पुन्हा करावी लागते.