वॉल मिक्सरचा डायव्हर्टर : नळ आणि शॉवर एकदम वाहणे

वॉल मिक्सरमध्ये गरम आणि थंड पाणी दोन वेगळ्या चाव्यांतून येऊन मिसळते. ते खाली नळाला द्यायचे की वर शॉवरला, हे मधला डायव्हर्टर ठरवतो. शॉवर लावला तरी नळातून धार सुरूच राहिली, तर डायव्हर्टर नळाची वाट पूर्ण बंद करत नाही, एवढे नक्की. दोन्ही चाव्या बंद असतानाही नळ ठिबकत असेल, तर मात्र दोष डायव्हर्टरचा नसून चावीच्या स्पिंडलचा असतो. आंघोळीनंतर काही मिनिटे शॉवर टपकतो, ते वरच्या पाइपात उरलेले पाणी असते. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

डायव्हर्टर दोन तऱ्हांचे असतात. फिरवायच्या मुठीचा डायव्हर्टर लावू तिथे थांबतो. वर ओढायच्या बटणाचा डायव्हर्टर पाण्याच्या दाबावर टिकतो : बटणासोबत उचललेली चकती नळाची वाट झाकते आणि दाब तिला तिथे धरून ठेवतो. चावी बंद केली की दाब जातो आणि बटण आपोआप खाली येते.

त्यामुळे बटणाच्या मिक्सरमध्ये पहिली परीक्षा बोटांची. फक्त थंड पाण्याची चावी पूर्ण उघडावी, बटण ओढावे आणि धरून ठेवावे. धरल्यावर नळ थांबतो, पण सोडताच बटण घसरते, तर बहुधा दाब कमी आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मिक्सरपासून ३ मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो; म्हणून वरच्या मजल्यावर रुसणारा तोच मिक्सर तळमजल्यावर नीट चालतो. तिथे वायसर बदलून काही साधत नाही. प्रेशर पंप किंवा मुठीचा मिक्सर हाच उपाय. थंड पाण्यावर बटण टिकते आणि गरमवर पडते, असे असेल तर गीझरची लाइन तपासावी.

बटण धरूनही धार राहिली, तर वायसर झिजलेला असतो किंवा चकतीखाली कचरा, क्षार अडकलेले असतात. समजा, मिनिटाला शॉवरमधून ६ लिटर आणि नळातून २ लिटर पाणी आले. म्हणजे पाव भाग पाणी नळाने नेले. आता शॉवरची जाळी काढून पुन्हा मोजावे. नळाची गळती बरीच घटली, तर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी जाळी तुंबली आहे. वर अडलेले पाणी त्याच फटीतून जास्त जोराने निसटत होते. जाळी साफ केली तरी फट तशीच राहते, हे प्लंबरही कधी कधी विसरतात.

खोलण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करून गरम आणि थंड दोन्ही लाइनचे कॉक बंद करावेत. एकच बंद केला तर दुसरीकडून फवारा अंगावर येतो. चाव्या उघडून उरलेले पाणी काढावे, मग बटण काढून डायव्हर्टर पान्याने सोडवावा. क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून निघतात, वायसर आणि ओ-रिंग त्याच मापाच्या घालाव्यात. पितळी बैठकीवर बोटाला खाच लागली, तर नवा वायसरही फार दिवस टिकत नाही, मिक्सरच बदलावा लागतो.