चारशे नोंदी, पण माणसं शंभरच

समजा, रक्तदाबाच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. ५० रुग्णांना औषध, ५० जणांना नुसती साखरेची गोळी, आणि प्रत्येकाचा रक्तदाब चार भेटींत चार वेळा मोजला. नोंदी झाल्या ४००. दोन गटांच्या सरासरीत ४ अंकांचा फरक आहे आणि नोंदींचं प्रमाण विचलन १५ आहे.

साध्या रिग्रेशनला हे ४०० आकडे दिले, तर ते प्रत्येक नोंद वेगळ्या माणसाची समजतं. फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगानं तो किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, येते १.५. चार भागिले दीड म्हणजे सुमारे २.७, नेहमीच्या दोनच्या उंबरठ्यापेक्षा जास्त, त्यामुळे निकाल ठणठणीत वाटतो. पण ज्याचा रक्तदाब पहिल्या भेटीत चढा, त्याचा दुसऱ्या भेटीतही बहुधा चढाच असतो. एकाच रुग्णाच्या कोणत्याही दोन नोंदींतला सहसंबंध ०.६ धरला, तर फरकाचं विचरण, म्हणजे प्रमाण त्रुटीचा वर्ग, १ + ३ × ०.६ म्हणजे २.८ पट होतं. खरी प्रमाण त्रुटी २.५ च्या आसपास जाते, भागाकार १.६ वर येतो आणि औषधाचा दावा डळमळतो. चारशे नोंदींत माहिती आहे ती जेमतेम १४३ स्वतंत्र नोंदींइतकी.

गंमत म्हणजे चूक नेहमी याच दिशेनं होत नाही. पहिल्या आणि चौथ्या भेटीत रक्तदाब किती बदलला, असं विचारलं तर प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. तिथे साधं रिग्रेशन प्रमाण त्रुटी उगाच फुगवून सांगतं.

लिआंग आणि झेगर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेली ‘जीईई’, म्हणजे ‘जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स’, ही पद्धत इथे कामी येते. एका रुग्णाच्या नोंदी एकमेकींशी कशा बांधलेल्या असतील याचा आपण एक अंदाज द्यायचा. नंतर ती प्रत्येक रुग्णाचे अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतले फरक, एकगठ्ठा घेऊन प्रमाण त्रुटी काढते. त्यामुळे आपला अंदाज चुकला तरी, सरासरीचं समीकरण बरोबर असेल आणि रुग्ण भरपूर असतील, तर निष्कर्ष टिकतो. मला या पद्धतीतलं हेच सर्वांत आवडतं. रुग्ण वीस-पंचवीसच असले, तर मात्र ही त्रुटी खऱ्यापेक्षा लहान येते आणि दुरुस्ती करावी लागते.

आर भाषेत हे असं लिहितात:

```
library(geepack)
geeglm(bp ~ drug, id = patient, data = d,
       corstr = "exchangeable")
```

`exchangeable` म्हणजे एका रुग्णाच्या कोणत्याही दोन नोंदींत सारखाच सहसंबंध, हा आपला अंदाज. इथे एक खोडी आहे. एका रुग्णाच्या ओळी तक्त्यात सलग नसतील, तर ही आज्ञा त्यांना वेगवेगळे रुग्ण समजते. म्हणून `summary` मध्ये `Number of clusters` पाहावं. तिथे १०० ऐवजी ४०० दिसले, तर तक्ता रुग्णानुसार क्रमाने लावून गणित पुन्हा करावं.

मधेच चाचणी सोडून गेलेल्यांवर मात्र या क्रमवारीचा इलाज नाही. रक्तदाब चढलेलेच रुग्ण यायचे थांबले, तर साधी जीईई उरलेल्यांवरून फसवी सरासरी काढते. अशा वेळी नोंदींना वेगळं वजन द्यावं लागतं.