कठीण प्रश्न आणि खोल प्रश्न

विद्युतधारेच्या धड्यावर एका विद्यार्थ्याने 48 सराव प्रश्न जमवले आहेत असे समजू. वहीत पाहिले तर तयारी भरपूर वाटते. आता तो प्रत्येक प्रश्नापुढे दोन खुणा करतो. पहिली काठिण्याची: सोपा, मध्यम, कठीण. दुसरी विचारपातळीची: स्मरण, उपयोजन, विश्लेषण. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडलेल्या विचारपातळ्यांच्या वर्गीकरणात सहा पातळ्या आहेत, पण स्वतःच्या वहीसाठी माझ्या मते तीन पुरतात.

या दोन खुणांची गल्लत फार होते. सात रोधांची गुंतागुंतीची जोडणी देऊन एकूण रोध विचारला, तर आकडेमोड लांबते, चुका होतात. प्रश्न कठीण आहे, पण त्यात ठाऊक असलेलीच रीत पुन्हा पुन्हा वापरायची असते; म्हणजे पातळी उपयोजनाची. उलट हा प्रश्न पाहा: दोन सारखे दिवे एकसर जोडणीत आहेत, त्यातल्या एका दिव्याची दोन टोके जाड तारेने जोडली, तर दुसऱ्याचा प्रकाश वाढेल की कमी होईल? इथे आकडा एकही नाही. धारा आता तारेतून जाते, पहिला दिवा विझतो, एकूण रोध घटतो, म्हणून धारा वाढते आणि दुसरा अधिक उजळतो. उत्तर दोन ओळींचे, पण विचार विश्लेषणाचा.

आता 48 प्रश्नांचा तक्ता मांडू. स्मरणाचे 22, उपयोजनाचे 24 आणि विश्लेषणाचे अवघे 2. त्यातला एक मध्यम, एक कठीण. सोप्या विश्लेषणाचा रकाना रिकामा. खरी उणीव तीच, कारण अशा विचाराची सुरुवात करून देणारी पायरीच संग्रहात नाही. ती भरायला नवे पुस्तक लागत नाही. ‘12 व्होल्ट, 4 ओहम, धारा किती?’ याचे उत्तर 3 अँपिअर. तोच प्रश्न असा फिरवता येतो: धारा 3 ऐवजी 2 अँपिअर भरली, तर परिपथात काय बदलले असेल? रोध 6 ओहम झाला असेल, किंवा विभवांतर 8 व्होल्टवर आले असेल. दोन्ही शक्यता शोधाव्या लागतात.

खुणा करताना प्रश्नातल्या क्रियापदावर विसंबू नये. ‘स्पष्ट करा’ म्हटले, तरी स्पष्टीकरण पुस्तकातून पाठ असेल तर ते स्मरणच. दिव्यांचा प्रश्नही दुसऱ्यांदा सोडवताना बराचसा आठवणीतला होतो, म्हणून पातळी पहिल्या प्रयत्नावरून ठरवावी. काठिण्याचेही तसेच: न अडखळता बरोबर आला तो सोपा, अडखळत जमला तो मध्यम, चुकला किंवा उत्तर पाहावे लागले तो कठीण. शेजारी तारीख लिहावी, कारण महिन्याभराने ही खूण बदलू शकते. आणि एखाद्या रकान्यात दोनच प्रश्न असतील, तर ते दोन्ही बरोबर आल्यावरही तो भाग पक्का झाला असे धरू नये. आणखी चार-पाच प्रश्न घालून पाहावेत.